इको रिपोर्टमधला ‘आरडब्ल्यूएमए’ : घरच्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

एक उदाहरण धरू. ७४ वर्षांच्या एक आजी. १८ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी सुरू. दोन्ही गुडघे झिजलेले, त्यामुळे उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलं. ऑपरेशनआधी फिटनेससाठी रक्ताच्या तपासण्या झाल्या, ईसीजी झाला, मग इको झाला. इकोच्या रिपोर्टवर शेवटी ठळक अक्षरांत लिहून आलं : आरडब्ल्यूएमए प्रेझेंट, बेसल इन्फिरिअर वॉल अकायनेटिक, मिड इन्फिरिअर वॉल हायपोकायनेटिक, एलव्हीईएफ ४५ टक्के, माइल्ड एमआर, नो क्लॉट. ऑपरेशनची तारीख पुढे गेली आणि घरात प्रश्न सुरू झाले. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आहे अशा अनेकांना हाच कागद कधी ना कधी हातात घ्यावा लागतो. म्हणून आजींचा मुलगा, सून आणि नात विचारतात तेच प्रश्न घेऊन, याच एका रिपोर्टच्या आधारे हा विषय उलगडू.

डॉक्टर, हे आरडब्ल्यूएमए म्हणजे आजाराचं नाव आहे का?

नाही. ती एक नोंद आहे. पूर्ण शब्द असे : रिजनल वॉल मोशन ॲबनॉर्मॅलिटी. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत प्रत्येक ठोक्याला आत सरकते आणि जाड होते, तेव्हाच रक्त शरीरभर ढकललं जातं. ही भिंत सगळीकडे सारखी हलत नसेल, एखाद्या ठरावीक भागात मंदावलेली किंवा थांबलेली असेल, तर तसं रिपोर्टवर लिहितात. हे कशामुळे झालं ते या नोंदीत नसतं. जुना अटॅक, नवा अटॅक, रक्तपुरवठ्याची कमतरता किंवा रक्तवाहिन्यांशी संबंध नसलेलं एखादं कारण, यांपैकी काहीही असू शकतं. त्यामुळे या एका ओळीवर घाबरून जाऊ नये आणि ती बाजूलाही सारू नये. पुढचे तीन प्रश्न सुटले की ओळीचा अर्थ लागतो : हा भाग एखाद्या रक्तवाहिनीच्या हद्दीत बसतो का, दोष जुना आहे की नवा, आणि तिथला स्नायू जिवंत आहे का.

हालचाल कमी आहे हे नुसतं बघून कळतं?

बहुतांशी बघूनच. इको करताना एका चित्रात डावा कप्पा आडवा कापल्यासारखा गोल दिसतो, मधे काळी पोकळी आणि भोवती स्नायूचं राखाडी कडं. ठोका पडला की हे कडं सगळीकडून आत येतं आणि जाड होतं. निरोगी भिंत विश्रांतीच्या वेळी सुमारे ६ ते १० मिलिमीटर जाडीची असते आणि आकुंचन पावताना त्या जाडीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भर पडते. आजींच्या चित्रात कड्याचा खालचा तुकडा, म्हणजे पोटाच्या पडद्याला टेकलेली बाजू, जाड होत नव्हता. शेजारचे भाग आत आले की त्यांच्या ओढीने तोही थोडा सरकायचा, पण जाडी तेवढीच राहायची. अनुभवी डॉक्टर सरकण्यापेक्षा जाड होण्यावर जास्त भरवसा ठेवतात, ते याचसाठी. मेलेला तुकडाही शेजाऱ्यांबरोबर फरफटत हलू शकतो, पण जाड मात्र जिवंत स्नायूच होतो.

नोंद नेमकी व्हावी म्हणून भिंतीचे १६ किंवा १७ भाग पाडतात आणि प्रत्येकाला दर्जा देतात. नीट हलणारा नॉर्मल, मंदावलेला हायपोकायनेटिक, जवळजवळ न हलणारा अकायनेटिक आणि आत येण्याऐवजी बाहेर फुगणारा डिस्कायनेटिक. आजींच्या रिपोर्टचं साध्या भाषेतलं वाचन असं : खालच्या भिंतीचा तळाकडचा तुकडा थांबलेला आहे, मधला मंद आहे, बाकी सगळी भिंत व्यवस्थित काम करते आहे.

पण दोष एकाच भागात कसा? हृदय तर एकच आहे.

हृदय एक असलं तरी त्याच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या तीन आहेत आणि प्रत्येकीचा इलाखा साधारण ठरलेला आहे. शेतातला एक पट्टा वाळला की शेतकऱ्याला पाटाची कोणती चारी बुजली ते बांधावरूनच कळतं, तसंच हे आहे. समोरची भिंत, मधल्या पडद्याचा बराचसा भाग आणि टोक यांना डावीकडून समोर उतरणारी एलएडी ही वाहिनी रक्त देते. बाजूच्या भिंतीकडे सरकमफ्लेक्स जाते. खालच्या भिंतीला बहुतेक लोकांमध्ये उजवी करोनरी पुरवठा करते. आजींचा दोष खालच्या भिंतीत आहे, म्हणजे संशय उजव्या करोनरीवर. काही जणांत हा भाग सरकमफ्लेक्सकडे असतो, त्यामुळे इकोवरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही.

या अंदाजाचा उपयोग मोठा आहे. एलएडीचा इलाखा सगळ्यांत मोठा असतो. तिथला दोष असेल तर हृदयाची ताकद जास्त घटते आणि टोकाचा भाग थांबलेला असेल तर तिथे रक्ताची गुठळी बसण्याची भीतीही असते. अशी गुठळी दिसली तर रक्त पातळ करणारं औषध निदान ३ महिने द्यावं लागतं. रिपोर्टवर ‘नो क्लॉट’ मुद्दाम लिहिलं जातं ते यासाठीच. उलट, दोष कोणत्याच वाहिनीच्या हद्दीत बसत नसेल, तर डॉक्टरांना दुसरं कारण शोधायला लागायचं असतं.

आईंच्या छातीत कधी दुखलंच नाही. मग हा अटॅक आला कधी?

सूनबाईंचा हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. विचारपूस केली तर असं निघालं : तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या सुमारास, एका संध्याकाळी आजींना पोटाच्या वर, बरगड्यांच्या मधे जळजळायला लागलं. दोनदा उलटी झाली, अंगाला दरदरून घाम सुटला, साडी ओली झाली. फराळाचं तळकट सोसलं नाही, पित्त झालं, असं सगळ्यांनी ठरवलं. त्यांनी पित्ताची गोळी घेतली, रात्र कशीबशी काढली, आणि पुढचे काही दिवस थकवा राहिला.

हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक असाच पोटाच्या तक्रारीच्या रूपात येऊ शकतो, कारण ती भिंत पडद्यावर टेकलेली आहे आणि तिथल्या नसांचे संदेश मळमळ, उलटी, घाम यांच्याशी जोडलेले आहेत. त्यात १८ वर्षांचा मधुमेह. मधुमेहाने नसा कमजोर होतात आणि वेदनेची सूचना नीट पोचत नाही. वयस्कर माणसांत आणि स्त्रियांत छातीत कळ येण्याऐवजी दम लागणं, अचानक गळून जाणं, घाम येणं हीच लक्षणं पुढे येतात. पित्त आणि अटॅक यातला फरक घरी बसून सांगता येत नाही. पन्नाशीच्या पुढच्या मधुमेही माणसाला जळजळीबरोबर घाम आणि गळून जाणं आलं, तर ईसीजी काढून घ्यावा, एवढंच खात्रीने सांगता येतं.

ईएफ ४५ टक्के म्हणजे हृदय निम्मंच चालतंय का?

नाही. ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. भरलेल्या कप्प्यातून एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा. निरोगी हृदयही कधी शंभर टक्के रिकामं होत नाही. स्त्रियांमध्ये साधारण ५४ ते ७४, पुरुषांमध्ये ५२ ते ७२ हा नॉर्मल टप्पा धरतात. त्या मानाने ४५ हा थोडा कमी आहे, फार नाही. ४० आणि त्याखाली गेलं की औषधांची यादी बदलते, ३५ आणि त्याखाली राहिलं तर अचानक ठोके बिघडण्याचा धोका लक्षात घ्यावा लागतो.

दोन गोष्टी सांभाळून ठेवा. एक, ईएफ नॉर्मल असूनही आरडब्ल्यूएमए असू शकतो. एक तुकडा बंद पडला की बाकीची भिंत जास्त जोर लावते आणि आकडा चांगला येतो. म्हणून ‘ईएफ ६० आहे, काळजी नको’ हे उत्तर पुरेसं नाही. दोन, आकडा नजरेने अंदाजून लिहिला की दोन बाजूंनी कप्पा आखून मोजला, यावर ५-७ टक्क्यांचा फरक पडतो. आधीचा ५० आणि आताचा ४५ म्हणजे हृदय खालावलं असं लगेच म्हणता येत नाही. तुलना करायची तर एकाच ठिकाणचे, शक्यतो एकाच डॉक्टरांनी केलेले दोन इको शेजारी ठेवून करावी.

हा दोष आत्ताचा आहे की जुना, हे कसं कळतं?

आधी माणूस बघायचा, मग चित्र. आत्ता छातीत दुखतंय, घाम येतोय, दम लागलाय आणि भिंतीचा एक भाग थांबलेला दिसतोय, तर वेळ न घालवता तो नवा अटॅक समजून उपचार सुरू होतात. रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटभराच्या आत तिच्या हद्दीतला स्नायू आकुंचन पावणं थांबवतो. १९३५ साली टेनंट आणि विगर्स या संशोधकांनी हे प्रयोगातून दाखवलं होतं. ईसीजीतला बदल आणि वेदना त्यानंतर येतात. म्हणून ईसीजी अस्पष्ट असला तरी इमर्जन्सीत इको कामाला येतो.

आजींना त्या दिवशी कसलाच त्रास नव्हता. मग तीन पुरावे पाहिले. पहिला, रक्तातलं ट्रोपोनिन. स्नायूला इजा झाली की हे वाढतं आणि आठवडा-दहा दिवस वाढलेलं राहू शकतं. आजींचं नॉर्मल होतं. दुसरा, ईसीजी. खालच्या भिंतीकडे पाहणाऱ्या तीन लीड्समध्ये खोल क्यू वेव्ह होत्या, आणि त्या जुन्या इजेची खूण असतात. तिसरा, खुद्द भिंत. थांबलेला तुकडा ५ मिलिमीटर एवढाच जाड उरला होता आणि शेजारच्या स्नायूपेक्षा जास्त पांढरा, चकाकता दिसत होता. स्नायू मरून त्याजागी व्रणाची ऊती भरायला आठवडे लागतात. भिंत ६ मिलिमीटरच्या खाली पातळ झाली असेल तर ते कालपरवाचं काम नसतं.

मुलाने कपाट उचकटून चार वर्षांपूर्वीचा इको काढला, त्यात सगळी भिंत नॉर्मल होती. त्यामुळे इजा मधल्या काळातली ठरली आणि दिवाळीची ती संध्याकाळ त्यात नेमकी बसली. जुने ईसीजी आणि इको कुणी रद्दीत टाकू नये, ते अशा वेळी एखाद्या महागड्या तपासणीइतके कामाचे ठरतात.

तो भाग मेला आहे की पुन्हा काम करू शकतो?

मंदावलेला स्नायू तीन प्रकारचा असू शकतो. एक, मेलेला. त्याजागी व्रण भरला, तो परत येत नाही. दुसरा, हबकलेला. रक्तपुरवठा काही काळ तुटून परत सुरू झाला, स्नायू वाचला, पण सावरायला त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून अटॅकनंतर पहिल्याच आठवड्यातल्या इकोवरून कायमचा निष्कर्ष काढत नाहीत, साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा करतात. तिसरा, मिळेल तेवढ्यात भागवणारा. वाहिनी अरुंद आहे, रक्त कमी मिळतंय, म्हणून स्नायूने आपलं काम कमी करून जीव टिकवून ठेवला आहे. त्याला रक्त वाढवून दिलं तर तो परत कामाला लागू शकतो.

आजींचा तळाकडचा पातळ तुकडा व्रण आहे हे जवळजवळ निश्चित होतं. मधला तुकडा मात्र ८ मिलिमीटर जाड होता, म्हणजे तिथे जीव असण्याची शक्यता होती. पण भिंत जाड आहे म्हणून ती जिवंतच आहे असंही नसतं. म्हणून डोब्युटामिन स्ट्रेस इको केला. गुडघ्यांमुळे आजींना ट्रेडमिलवर चालणं शक्य नव्हतं. शिवाय त्या रोज चालतच नसल्यामुळे, श्रमाने छातीत दुखतं का, हेही आजवर कुणाला कळलं नव्हतं.

या तपासणीत शिरेतून डोब्युटामिन थेंबाथेंबाने देतात आणि दर ३ मिनिटांनी मात्रा वाढवतात. सुरुवातीच्या छोट्या मात्रेत मंद भाग जोर धरतो का ते पाहतात. जोर धरला तर तो जिवंत. पुढे मात्रा वाढवून हृदयाची गती वयानुसार ठरलेल्या लक्ष्यापर्यंत नेतात, आजींसाठी मिनिटाला सुमारे १२४ ठोके. जास्त गतीला एखादा भाग पुन्हा ढेपाळला तर त्याचा अर्थ असा की तिथली वाहिनी अरुंद आहे, मागणी वाढली की रक्त पुरत नाही. आजींच्या मधल्या तुकड्याने छोट्या मात्रेत जोर धरला आणि शेवटपर्यंत टिकवला. तळाचा तुकडा हलला नाही. समोरची आणि बाजूची भिंत शेवटपर्यंत चांगली चालली. म्हणजे एक छोटा व्रण आहे, त्याभोवतीचा स्नायू जिवंत आहे, आणि दुसऱ्या मोठ्या इलाख्यात रक्त कमी पडत असल्याचं दिसत नाही.

मग अँजिओग्राफी करून ब्लॉकेज काढूनच टाकू या ना?

मुलाची ही घाई समजण्यासारखी आहे. काही परिस्थितींत अँजिओग्राफी लवकर करावीच लागते : चालू त्रास आणि वाढलेलं ट्रोपोनिन, विश्रांतीतही छातीत दुखणं, ईएफ बरीच खाली जाणं, किंवा स्ट्रेस इकोत मोठा भाग ढेपाळणं. आजींच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. जो स्नायू मेला आहे त्याची वाहिनी उघडून तो जिवंत होत नाही. स्थिर रुग्णांमध्ये लगेच अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास करणं बरं, की आधी औषधं देणं बरं, हे तपासणारा ‘इस्केमिया’ हा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात ३७ देशांतले ५१७९ रुग्ण होते, भारतातलेही. दोन्ही गटांत मृत्यू आणि अटॅक यांचं प्रमाण लक्षणीय वेगळं आलं नाही. ज्यांच्या छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं मात्र लवकर उपचाराने जास्त कमी झालं. ईएफ ३५ च्या खाली असलेले आणि मुख्य डाव्या वाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते, त्यामुळे त्यांना हा निष्कर्ष लावू नये.

दुसरी बाजू मूत्रपिंडाची. अँजिओग्राफीत वापरलेला डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो. आजींचं क्रिएटिनिन १.४ होतं, म्हणजे धोका थोडा जास्त. तिसरी बाजू गुडघ्याची. स्टेंट बसवला की दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकत्र द्याव्या लागतात. त्या चालू असताना ठरवून करायचं ऑपरेशन साधारण ६ महिने, आणि अटॅकमध्ये स्टेंट बसवला असेल तर वर्षभर पुढे ढकलणं सुरक्षित मानतात. ज्या बाईला चालता येत नाही, तिचं वर्षभर अंथरुणाला खिळणं हेही हृदयासाठी नुकसानच आहे. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी औषधांचा मार्ग निवडला आणि छातीत दुखायला लागलं किंवा दम वाढला तर अँजिओग्राफी करायची, असं कागदावर लिहून दिलं.

रिपोर्टच चुकीचा असू शकतो का?

असू शकतो, आणि म्हणूनच ईसीजी, लक्षणं आणि जुना इको यांच्याशी जुळवणी करतात. जाड अंग, दम्याने किंवा बिडी-सिगारेटने फुगलेली फुप्फुसं, सरळ झोपता न येणं, यांनी चित्र धूसर येतं. भिंतीची कड दिसलीच नाही तर ती हलते की नाही हे कसं सांगणार? चांगला रिपोर्ट अशा वेळी ‘विंडो पुअर’ अशी नोंद करतो. ती दिसली तर दुसऱ्या ठिकाणी पुन्हा इको करून घ्यायला हरकत नाही. बारीक मंदपणाबद्दल दोन अनुभवी डॉक्टरांचंही मत वेगळं पडू शकतं. पूर्ण थांबलेल्या, पातळ भिंतीबद्दल सहसा पडत नाही.

शिवाय सगळाच आरडब्ल्यूएमए ब्लॉकेजमुळे नसतो. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर वीज आडवळणाने पोचते आणि मधला पडदा उशिरा, विचित्र हलतो. बायपास ऑपरेशननंतरही पडदा उलट्या दिशेने सरकलेला दिसतो, पण त्याची जाडी वाढत असते. पोटात पाणी साठलं किंवा यकृत वाढलं की खालची भिंत दाबली जाऊन सपाट वाटते. आणि मोठ्या मानसिक धक्क्यानंतर, विशेषतः वयस्कर स्त्रियांत, टाकोत्सुबो नावाची अवस्था येते. त्यात टोकाचा भाग फुग्यासारखा फुगतो, चित्र अटॅकसारखं दिसतं, पण अँजिओग्राफीत त्याला जबाबदार ठरेल असा अडथळा सापडत नाही आणि बहुतेक रुग्णांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. म्हणून डॉक्टरांशी बोलताना घरात नुकतं कुणी गेलं असेल, मोठा धक्का बसला असेल, तर तेही सांगा. पेसमेकर, बायपास, जुने आजार हे तर आवर्जून सांगा.

मग गुडघ्याचं ऑपरेशन होणार की नाही?

अटॅकनंतर निदान ६० दिवस ठरवून करायचं ऑपरेशन टाळावं, असा संकेत आहे. आजींच्या त्या संध्याकाळीला तीन महिन्यांहून जास्त काळ झाला होता, स्ट्रेस इको समाधानकारक होता, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब ताब्यात होते. त्यामुळे जोखीम वाढलेली पण सोसण्याजोगी, असं ठरलं. भूलतज्ज्ञांना इको, ईसीजी आणि स्ट्रेस इको असे तिन्ही कागद आधीच पाठवले. ॲस्पिरिन चालू ठेवायची की थांबवायची हे हाडांचे डॉक्टर आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकत्र ठरवायचं. घरच्यांनी शेजारच्या कुणाचं ऐकून ती बंद करू नये. मेटोप्रोलोलसारखी ठोके ताब्यात ठेवणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ऑपरेशनच्या दिवशी ती अचानक तोडायची नसते. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ती मात्र साधारण ३ दिवस आधी थांबवतात. म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवावीत.

घरी आम्ही काय बघायचं? आजीला पुन्हा असं झालं तर?

नातीच्या प्रश्नाचं उत्तर तीन भागांत. रोजचं असं : ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, ठोक्यांची गोळी आणि रक्तदाब व हृदयाच्या भिंतीसाठीची रामिप्रिलसारखी गोळी, या चारही औषधांचं काम वेगवेगळं आहे. त्यातली एक बंद केली तर दुसरी तिची जागा घेत नाही. रामिप्रिल सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, कारण आजींच्या मूत्रपिंडाचं काम आधीच थोडं कमी आहे. सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, पाय सुजले, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. तो अंगात पाणी साठायला लागल्याचा इशारा आहे.

तातडीचं असं : छाती, जबडा, पाठ, डावा हात किंवा पोटाच्या वर दुखणं वा जळजळ १० मिनिटांपेक्षा जास्त राहिली, सोबत घाम, उलटी, दम किंवा गळून जाणं असेल, तर १०८ ला फोन करून अँजिओग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव होत नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्यायची. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली असेल आणि रक्तदाब कमी नसेल तरच, तीही बसवून. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये कधी उजवा कप्पाही सापडतो आणि तेव्हा या गोळीने रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो.

पुढचा इको ३ महिन्यांनी, त्याच ठिकाणी, औषधांनी ईएफ सुधारला का ते पाहायला. त्यानंतर त्रास नसेल तर दर महिन्याला इको करून काही मिळत नाही. व्रण तिथेच राहणार आणि रिपोर्टवर ‘आरडब्ल्यूएमए प्रेझेंट’ हे शब्द प्रत्येक वेळी येणार. त्या वेळी बघायचं ते एवढंच : दोष त्याच तुकड्यात आहे का, नवा भाग त्यात आला का, आणि ईएफ आधीच्या जवळपास आहे का. तुकडा तोच आणि आकडा तोच असेल तर आजींचं हृदय स्थिर आहे. नवा भाग दिसला, तर त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना भेटायचं.